नव्या राऊटरचा खरा मालक कोण? मोबाईल ॲपवरून सेटअप करताना पाहायच्या गोष्टी

बकरी ईदच्या सुट्टीत कोकणात खालाकडे गेलो होतो. चहा झाल्यावर खाला म्हणाली, "बेटा, वायफायचा पासवर्ड बदलून दे. शेजारच्या सगळ्या पोरांना माहीत झालाय." मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. मोबाईलवर ॲप उघडलं तर त्याने राऊटरचा पासवर्ड मागितला. तो खालूंना माहीत नव्हता, दोह्याला असलेल्या त्यांच्या मुलालाही माहीत नव्हता. शेवटी ज्या केबलवाल्याच्या पोराने राऊटर बसवला होता त्याला फोन लावला. पोरगा भला. म्हणाला, "थांबा, मीच बदलतो." तो स्वतःच्या घरी बसलेला होता. एका मिनिटात त्याने पासवर्ड बदलला आणि सहज म्हणाला, "खाला, तुमच्याकडे आत्ता नऊ मोबाईल जोडलेले दिसतात, पाहुणे आलेत वाटतं?"

त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. राऊटर बसवताना ॲपने ईमेल मागितला, खालूंना त्यांचा ईमेल आठवेना, म्हणून त्याने काम उरकायला स्वतःचा टाकला. पण तेव्हापासून खालाच्या घरी कोण कधी आलं, रात्री कुणाचा मोबाईल किती वाजेपर्यंत चालू होता, हे गावातल्या एका परक्या मुलाच्या खिशात होतं. राऊटरचे पैसे खालूंनी दिले होते, पण त्याचा ताबा त्या मुलाकडे होता.

आजकाल बहुतेक नवे राऊटर मोबाईलवरूनच सुरू होतात. लॅपटॉप लागत नाही. सोय आहेच. पण या सोयीबरोबर कंपनीच्या सर्व्हरवर एक खातं उघडलं जातं, आणि ते कुणाच्या नावाने आहे हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही. म्हणून सेटअप कसा करायचा ते आधी पाहू आणि मग त्या खात्याकडे येऊ. उदाहरणासाठी आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणारा टीपी-लिंकचा आर्चर मालिकेतला राऊटर आणि त्याचं टेथर हे ॲप घेतो. दुसऱ्या कंपनीचा असेल तर बटणांची नावं बदलतील, पण मुद्दे बहुतेक तेच राहतील.

बॉक्स उघडण्याआधी एक फोन

फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवर कंपनीचा एक छोटा डबा असतो, ज्यात काचेची बारीक तार जाते. त्याला ओएनटी म्हणतात. नवा राऊटर या डब्याच्या पुढे जोडायचा असतो. काही घरांत इंटरनेटचं लॉगिन या डब्यातच झालेलं असतं, तर काही घरांत ते राऊटरने करायचं असतं. दुसऱ्या प्रकारात एक युजरनेम आणि पासवर्ड लागतो. ॲपमध्ये या पर्यायाचं नाव `PPPoE` असं दिसेल. लहान केबलवाल्यांकडे हा प्रकार फार चालतो.

तर आधी केबलवाल्याला किंवा कस्टमर केअरला फोन करून हा युजरनेम-पासवर्ड आहे का ते विचारा, आणि असेल तर लिहून घ्या. जुना राऊटर रिसेट करायच्या आधी तर हे नक्कीच करा. लोक उत्साहाने बटण दाबून सगळं पुसतात आणि मग रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. खालाकडे आम्हीही याचसाठी एक दिवस थांबलो.

आणखी एक विचारून ठेवा: "तुमच्याकडे मॅक बाइंडिंग आहे का?" प्रत्येक राऊटरला कारखान्यातून एक बारा अक्षरी-आकडी ओळख मिळते, तिला मॅक ॲड्रेस म्हणतात. काही केबलवाले तुमच्या जुन्या राऊटरची ही ओळख नोंदवून ठेवतात आणि दुसरं यंत्र लावलं तर इंटरनेट देत नाहीत. मग नव्या राऊटरमध्ये सगळं बरोबर भरूनही इंटरनेट येत नाही, आणि आपल्याला राऊटरच खराब वाटतो. अशा वेळी राऊटरच्या खालच्या लेबलवरचा मॅक ॲड्रेस केबलवाल्याला सांगायचा, तो बदलून देतो.

जोडणी आणि पहिली अडचण

ओएनटीच्या `LAN` लिहिलेल्या भोकातून निघालेली वायर नव्या राऊटरच्या `WAN` लिहिलेल्या भोकात लावायची. ते भोक बहुधा वेगळ्या रंगाचं असतं. प्लग चालू करून दोन मिनिटं थांबा. मग राऊटर उलटा करून लेबल पाहा. त्यावर वायफायचं तात्पुरतं नाव, सहसा `TP-Link_` आणि पुढे काही अक्षरं, आणि तात्पुरता पासवर्ड छापलेला असतो. त्या लेबलचा मोबाईलने फोटो काढून ठेवा, पुढे कितीदा तरी कामाला येतो.

आता मोबाईल त्या वायफायला जोडा. इथे पहिली गंमत होते. अजून राऊटरला इंटरनेट मिळालेलं नाही, त्यामुळे मोबाईल विचारतो की या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का? आपण घाईत नाही म्हणतो, किंवा मोबाईल स्वतःच चुपचाप मोबाईल डेटावर उडी मारतो. मग ॲप म्हणतं, राऊटर सापडला नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून माणूस वैतागतो. उपाय सोपा आहे: मोबाईल डेटा बंद करा, त्या सूचनेला हो म्हणा, आणि मगच ॲप उघडा. ॲप मात्र आधीच डाउनलोड केलेलं असलं पाहिजे, कारण आता इंटरनेट नाही.

ॲप उघडताच परवानग्या मागेल. अँड्रॉइडवर लोकेशन मागितलं की लोक दचकतात, आणि दचकायला कारण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी वृत्तस्थळाने दाखवून दिलं होतं की मुस्लिम प्रो या नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपमधून लोकांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि ती कंपनी तसा डेटा अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. बातमी आल्यावर ॲपवाल्यांनी तो व्यवहार थांबवल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून आपल्या घराघरांत लोकेशनची परवानगी जरा विचार करून दिली जाते, हे चांगलंच आहे.

पण राऊटरच्या ॲपने लोकेशन मागण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. आजूबाजूची वायफायची नावं वाचली की माणूस कुठे आहे हे ओळखता येतं. म्हणून अँड्रॉइडने नियमच केला की वायफाय शोधणाऱ्या ॲपला लोकेशनची परवानगी लागेल. अँड्रॉइड १३ पासून जवळच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली. आयफोनवर लोकल नेटवर्कची परवानगी मागितली जाते, ती नाकारली तर ॲपला राऊटर दिसतच नाही. तेव्हा सेटअपपुरती परवानगी द्या, पण "ॲप वापरताना फक्त" हा पर्याय निवडा, आणि काम झालं की मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन काढून घ्या. राऊटर काही त्यामुळे बंद पडत नाही.

खातं उघडावंच लागतं का?

आता ॲप म्हणेल, टीपी-लिंक आयडी बनवा किंवा लॉगिन करा. हेच ते कंपनीच्या सर्व्हरवरचं खातं. स्क्रीनवर हिरवं मोठं बटण असतं, म्हणून सगळे ते दाबतात. पण आर्चर मालिकेत राऊटर चालवायला या खात्याची गरज नसते. मोबाईलचा ब्राउझर उघडा, वरच्या पट्टीत हे टाका:

```
http://tplinkwifi.net
```

ते उघडलं नाही तर `192.168.0.1` टाका. हे पान इंटरनेटवरचं नाही, तुमच्या समोरच्या डब्यातूनच येतं. पहिल्यांदा ते एक पासवर्ड बनवायला सांगेल. हा राऊटरचा पासवर्ड. मग वेळेचा पट्टा, मग कनेक्शनचा प्रकार. ओएनटीतच लॉगिन असेल तर `Dynamic IP`, केबलवाल्याने युजरनेम दिला असेल तर `PPPoE`. माहीत नसेल तर आपोआप ओळखण्याचं बटण आहे, ते बहुतेक वेळा बरोबर सांगतं. पुढे वायफायचं नाव आणि पासवर्ड. शेवटी पुन्हा क्लाउडच्या खात्याबद्दल विचारेल, तिथे पुढे ढकलण्याचा किंवा वगळण्याचा पर्याय असतो. तो घ्या. झालं, राऊटर खात्याशिवाय चालू.

वायफायचं नाव बदललं की मोबाईल त्या क्षणी तुटतो. घाबरू नका. वायफायच्या यादीत नवं नाव शोधून नव्या पासवर्डने जोडा.

आणि ओएनटीचं जुनं वायफाय बंद करायला विसरू नका. नाहीतर घरातले निम्मे मोबाईल जुन्याच नावावर चिकटून राहतात. मुलांसाठी नव्या राऊटरवर वेळेची मर्यादा घातली तरी मोबाईल जुन्या वायफायवरून मजेत चालू राहतो, आणि आई-वडिलांना वाटतं, ही सेटिंग काही कामाची नाही.

सगळ्याच राऊटरला हा ब्राउझरचा रस्ता नसतो, हे मात्र खरेदीआधी माहीत हवं. घरभर दोन-तीन डबे ठेवून वायफाय पसरवणारे जे मेश संच येतात, त्यांत टीपी-लिंकचा डेको आधी टीपी-लिंक आयडीने लॉगिन केल्याशिवाय ॲपमधून सुरू होत नाही. गूगलच्या नेस्ट वायफायला गूगल खातं लागतं, ॲमेझॉनच्या ईरोलाही खातं आणि ॲप दोन्ही लागतात. त्यांचा सिग्नल चांगला असतो, मोठ्या घरात उपयोगाचे आहेत. पण तिथे खातं टाळता येत नाही, एवढं समजून विकत घ्या.

ते खातं नेमकं करतं काय

तुमचा राऊटर सुरू झाला की तो कंपनीच्या सर्व्हरशी एक कायमची वाट उघडी ठेवतो, फोन उचलून कानाला लावून बसल्यासारखी. दोह्यात बसलेल्या मुलाने ॲप उघडलं की त्याचा मोबाईल तुमच्या घराशी थेट बोलत नाही. तो सर्व्हरला सांगतो, सर्व्हर त्या उघड्या वाटेने राऊटरला सांगतो, आणि उत्तर त्याच मार्गाने परत जातं. म्हणून तुमच्या घराला बाहेरून पोचता येईल असा पत्ता नसला तरी हे चालतं. याचा सरळ अर्थ असा की त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याला सर्व्हर तुमचाच माणूस समजतो. तो जगात कुठेही असो.

त्याला काय दिसतं? जोडलेल्या उपकरणांची यादी, त्यांची नावं, कोण आत्ता जोडलेलं आहे, कुणी किती डेटा वापरला. मोबाईलचं नाव आपण स्वतःच "सलमाज आयफोन" असं ठेवतो, त्यामुळे माणूसच दिसतो. वायफायचा पासवर्ड तो बदलू शकतो, एखाद्याचा मोबाईल बंद करू शकतो. मुलांसाठीचं नियंत्रण चालू असेल तर त्या मोबाईलवरून कुठल्या साईट उघडल्या त्यांची नावंही मिळू शकतात.

काय दिसत नाही, तेही नीट समजून घ्या, कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये याबद्दल वाटेल ते फिरतं. व्हॉट्सॲपचे मेसेज राऊटरवरून वाचता येत नाहीत, ते एका मोबाईलपासून दुसऱ्या मोबाईलपर्यंत कुलूपबंद जातात. बँकेचा पासवर्ड दिसत नाही. ज्या साईटच्या पत्त्यात `https` आहे, तिथे साईटचं नाव कळू शकतं पण तिच्या आत तुम्ही काय वाचलं ते कळत नाही. म्हणजे एखाद्या दवाखान्याची साईट उघडली एवढं कळेल, कुठल्या आजाराचं पान वाचलं ते कळणार नाही. तसं पाहिलं तर साईटची नावं तुमच्या इंटरनेट कंपनीलाही दिसू शकतात. राऊटरच्या क्लाउडने फक्त पाहणारा आणखी एक वाढतो, आणि तो पाहणारा तुमच्या ओळखीचा असू शकतो. मला विचाराल तर घरातल्या बाईमाणसांसाठी हा दुसरा धोका जास्त जवळचा आहे. कंपनीला सलमा कोण हे ठाऊक नसतं, गल्लीतल्या पोराला ठाऊक असतं.

घरातल्या घरातही हाच प्रश्न येतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि बाप त्याच्या मोबाईलला रात्री दहाला कुलूप लावतो, यात गैर काही नाही. पण ज्या भावाकडे खातं आहे त्याने वहिनीचा किंवा मोठ्या बहिणीचा मोबाईल रात्री किती वाजेपर्यंत चालू होता हे तपासत बसणं म्हणजे तजस्सुस आहे, आणि दीनमध्ये ते मना आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घरात ठरवून टाका की मुलांच्या मोबाईलखेरीज कुणाचीही हिस्ट्री चालू ठेवायची नाही.

सर्व्हर चुकला तर

खातं आपल्याच हाती असलं तरी सर्व्हर दुसऱ्याचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटी या नेटवर्क यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या क्लाउडमध्ये बदल करताना चूक झाली आणि १,२१६ खाती दुसऱ्या १,१७७ खात्यांशी जोडली गेली. काही लोकांना आपल्या मोबाईलवर परक्या घरातल्या कॅमेऱ्याच्या सूचना येऊ लागल्या. कंपनीने चूक मान्य करून ती दुरुस्त केली. कुणी हॅक केलं नव्हतं, कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता. ज्या घरात दिवाणखान्यात कॅमेरा लावलाय, त्यांनी याचा विचार करावा.

दुसरा प्रकार वेगळा आहे. गूगलने २०१५ मध्ये ऑनहब नावाचा राऊटर काढला होता, तो ॲप आणि गूगल खात्यावरूनच चालवायचा. पुढे गूगलने त्याचा सपोर्ट बंद केला. डबा वायफाय देत राहिला, पण ॲपमधून त्यात काही बदलायची सोय गेली. यंत्र चांगलं असून कंपनीने मनात आणलं म्हणून ते कुलूपबंद झालं. ज्या राऊटरला ब्राउझरचं पान आहे त्याच्यावर ही वेळ येत नाही, कारण ते पान डब्यातच असतं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यात कंपनीला आपला डेटा पुसायला सांगण्याचा हक्क आहे, पण अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. तोवर जे आपल्या हातात आहे ते करावं हे बरं.

खातं ठेवायचंच असेल तर

खालाच्या मुलाचा हट्ट होता की दोह्याहून त्याला राऊटर बघता आला पाहिजे, कारण काही बिघडलं की अम्मी त्यालाच फोन करते. मुद्दा रास्त होता. क्लाउड खात्याचा खरा उपयोग आहे तो असाच, लांबच्या मुलाला आई-वडिलांचं वायफाय नीट करून देण्यासाठी.

तर आम्ही असं केलं. केबलवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड घेतला. राऊटरच्या मागचं रिसेट बटण टोकदार वस्तूने दाबून धरलं, दिवा लुकलुकेपर्यंत, साधारण दहा सेकंद. इथे एक फसगत लक्षात ठेवा. ब्राउझरच्या पानावरून रिसेट केलं तर आर्चरमध्ये दोन बटणं दिसतात. `Restore` दाबलं तर बाकी सगळं पुसलं जातं, पण लॉगिनचा पासवर्ड आणि क्लाउडचं खातं तसंच राहतं. `Factory Restore` दाबलं तरच सगळं जातं. पहिलं बटण दाबून लोक निर्धास्त होतात आणि जुन्या माणसाचं खातं आत बसलेलंच असतं.

मग ब्राउझरवरून वर सांगितल्याप्रमाणे सेटअप केला. नंतर खालूंच्या ईमेलवर टीपी-लिंक आयडी काढला. खालूंचा ईमेल शोधायला अर्धा तास गेला, तो त्यांच्याच मोबाईलच्या प्ले स्टोअरमध्ये सापडला. खात्याला वेगळा पासवर्ड दिला, वायफायचा नाही. खात्याच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणी चालू केली, म्हणजे नव्या मोबाईलवरून कुणी लॉगिन करायला गेलं तर नुसता पासवर्ड पुरत नाही. मुलाला त्याच्या स्वतःच्या आयडीने मॅनेजर म्हणून जोडलं. मालक खालू, मुलगा मदतनीस. उद्या त्याचा मोबाईल चोरीला गेला तर खालू त्याचं नाव यादीतून काढू शकतात, राऊटर पुन्हा पुसावा लागणार नाही.

सेटअपमध्ये एक युजर एक्स्पीरियन्स इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम नावाची टिकमार्क येते. म्हणजे वापराची माहिती कंपनीला पाठवायची. ती काढून टाका, त्याने वायफायचा वेग कमी होत नाही. राऊटरचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होण्याची सेटिंग मात्र चालू ठेवा, वेळ रात्री तीनची द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ पासवर्डांचा झाला, म्हणून इथे लिहितो. केबलवाल्याचा पासवर्ड एकदाच लागतो, इंटरनेट सुरू करायला. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना सांगायचा असतो. राऊटरचा पासवर्ड सेटिंग बदलायला लागतो आणि तो पाहुण्यांना कधीच द्यायचा नाही. आणि टीपी-लिंक आयडीचा पासवर्ड म्हणजे बाहेरून घरात यायची चावी. हे चारही वेगळे असले पाहिजेत. बऱ्याच घरांत मोबाईल नंबर हाच चारही ठिकाणी पासवर्ड असतो, मग शेजारच्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क नावाचं वेगळं वायफाय चालू करता येतं. खालाकडे ईदला इतके लोक येतात की आम्ही ते केलंच, आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून दिवाणखान्यात लावला.

तुमच्या घरी आत्ता कुणाचं खातं आहे?

घरच्या वायफायला जोडून `tplinkwifi.net` उघडा, राऊटरचा पासवर्ड टाका. टीपी-लिंक आयडी किंवा जुन्या मॉडेलमध्ये टीपी-लिंक क्लाउड असं पान शोधा. तिथे मालकाचा ईमेल आणि खाली जोडलेल्या माणसांची यादी दिसते. ईमेल ओळखीचा नसेल तर `Unbind` दाबून तो काढा. पान "लॉगिन करा" म्हणत असेल तर खातं जोडलेलंच नाही, सोडून द्या. आणि राऊटरचा पासवर्डच घरात कुणाला माहीत नसेल, तर खालाकडची परिस्थिती आहे असं समजा: आधी केबलवाल्याला फोन, मग रिसेट.

राऊटर बदलताना, भाच्याला देताना किंवा भंगारात टाकतानाही आधी `Unbind`, मग `Factory Restore`. खालाच्या जुन्या ओएनटीच्या बाबतीत आम्ही हे विसरलो होतो. डबा परत न्यायला तोच पोरगा आला, तेव्हा त्याच्यासमोरच पुसून दिला. तो हसत म्हणाला, "भाई, माझ्या ॲपमध्ये अजून अकरा घरं आहेत, त्यांनाही सांगा."